सहा वाक्यांची फारसी

या पुस्तिकेतलं पहिलं पत्र अवघ्या सहा वाक्यांचं आहे. इंग्रजीत ते लिहायला मला दहा मिनिटं लागली, आणि फारसीत आणायला अकरा दिवस. बाकीची पत्रं त्यानंतर भराभर झाली, कारण चुका करून झाल्या होत्या. म्हणून प्रस्तावनेत मी बाकीच्या पत्रांबद्दल फारसं बोलणार नाही. त्या पहिल्या पत्राचीच हकिकत सांगतो. ती कळली की पुढची पानं वाचायला माझी गरज उरणार नाही.

मी कारंज्याचा. नोकरी पुण्यात झाली, इंग्रजी शिकवण्यात. पुण्यात इराणी आणि अफगाण विद्यार्थी बरेच. अफगाण मुलं बहुतेक भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेली. पदवीचे वर्ग इंग्रजीतून, म्हणून आधी इंग्रजी पक्कं करायला ती आमच्यासारख्यांकडे येत. 2020 मध्ये निवृत्त होऊन मी गावी परतलो आणि टाळेबंदीत फोनवरून शिकवत राहिलो. त्या शेवटच्या तुकडीत हेरातची एक मुलगी होती. पहिल्या महिन्यात तिचा आवाजही मला ओळखू येत नव्हता, आणि शेवटी शेवटी तिच्या प्रश्नांमुळे तास लांबायचा. 15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हाती गेलं. पदवी मिळाली तरी परत जायचा रस्ता राहिला नाही. 2022 च्या जूनमध्ये ती तिसऱ्याच एका देशात निघाली. आई हेरातलाच.

तिच्यासाठी शुभेच्छापत्र लिहायचं ठरवलं. तिला इंग्रजी उत्तम येत होतं, म्हणजे तिच्यापुरती फारसीची गरजच नव्हती. पण मुली असली पत्रं आईला दाखवतात. फोटो काढून हेरातला पाठवणार हे मला माहीत होतं. आई चौथीपर्यंत शिकलेली, असं तिनंच एकदा सांगितलं होतं. तेव्हा पत्र मुलीच्या हातात पडणार असलं तरी ते वाचणार होती आई, सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून. फारसी सोपी हवी ती यासाठी. भाषांतर कोणासाठी आहे हे आधी ठरवलं नसतं तर मी शब्दकोशातले भारदस्त शब्द मांडून मोकळा झालो असतो.

फारसी मला येते ती विद्यार्थ्यांच्या संगतीनं आलेली, कामापुरती. वर एक भ्रमही होता: मराठी माणसाला फारसी निम्मी येतेच. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांकडे गेला. त्याआधी तो निजामाचा, आणि निजामाच्या दफ्तराची भाषा फारसी. आमच्याकडे जिल्हा, तालुका, तहसील, दफ्तर, जमीन, इनाम, सनद हे शब्द अडाणी शेतकरीही रोज वापरतो. त्यामुळे मी खुशाल बसलो. पुढच्या अकरा दिवसांत जे शब्द मला अजिबात येत नव्हते त्यांनी काही त्रास दिला नाही. जे येतात असं वाटत होतं, त्यांनीच गोत्यात आणलं.

इंग्रजी पत्र असं होतं. माझ्या लाडक्या विद्यार्थिनी, तू पहिल्यांदा आलीस तेव्हा लाजाळू होतीस, आता वर्गात सर्वांत जास्त प्रश्न तूच विचारतेस. मला तुझा अभिमान वाटतो. तू फार पुढे जाशील. जिथे असशील तिथे शिकत राहा. आमच्या घराचं दार तुला कायम उघडं आहे. आणि शेवटी ते इंग्रजीतलं हमखास वाक्य, ‘आय विल मिस यू’. ‘सुखरूप घरी पोच’ असंही आधी लिहिलं होतं. ते मी इंग्रजीतच खोडलं. ती घरी जात नव्हती.

पहिली अडचण मायन्यातच आली. ‘विद्यार्थी’ला अफगाणिस्तानात महाविद्यालयासाठी ‘मुहस्सिल’ म्हणतात, इराणात ‘दानेशजू’. मुहस्सिल म्हणजे गोळा करणारा, इथे विद्या गोळा करणारा. त्याच धातूपासून आपले तहसील आणि महसूल आले. कारंज्याच्या तहसील कचेरीत सारा गोळा होतो आणि काबूलच्या कॉलेजात विद्या, हे मला फार आवडलं. पण मुहस्सिल हा दाखल्यावरचा शब्द आहे. गुरूनं आपल्या माणसाला हाक मारायची तर ‘शागिर्द’, आणि तो दोन्ही देशांत चालतो. त्याला ‘अजीजम’ जोडलं: शागिर्दे अजीजम, माझ्या प्रिय शिष्ये. इथं एक बारकावा आहे. नुसतं ‘अजीजम’ म्हणजे ‘माझ्या सोन्या’. ते आईनं किंवा मैत्रिणीनं म्हणावं, म्हाताऱ्या मास्तरानं परक्या मुलीला एकटं लिहू नये. ‘शागिर्द’ आधी आला की त्याचा बाज बदलतो आणि शब्द सभ्य होतो. दोन शब्दांच्या मधला ‘ए’ लिपीत लिहीत नाहीत, वाचणारा तो मनानं घालतो. त्यामुळे मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्याकडून तो ऐकल्याशिवाय शिकणाऱ्याला त्याची सवय होत नाही.

मग तू की तुम्ही? इंग्रजीत हा प्रश्नच नाही, म्हणून तिथून येणारा माणूस त्याचा विचारही करत नाही. मराठीत मी तिला ‘तू’ म्हटलं असतं, कारण आपल्याकडे मास्तरांचा ‘तू’ मायेचा असतो. फारसीत ‘तू’ला ‘तो’ म्हणतात आणि लहान मुलाला तो गोड वाटतो. पण पदवीधर मुलीला पुरुष शिक्षकानं कागदावर ‘शुमा’च म्हणायचं, म्हणजे तुम्ही. क्रियापदंही मग तशीच. एकदा ‘शुमा’ धरलं की सहाही वाक्यांत धरायचं. माझ्या पहिल्या मसुद्यात दोन ठिकाणी ‘तो’ राहून गेला होता, आणि मायेनं सुरू झालेलं पत्र मध्येच दरडावल्यासारखं वाटत होतं.

‘लाजाळू’साठी मला पटकन सुचला ‘शर्मिंदा’. आपला शरमिंदा. लिहून टाकला, आणि रात्री झोपताना लक्षात आलं की शर्मिंदा म्हणजे लाज वाटण्याजोगं काही केलेला. आई विचारात पडली असती की पोरीनं पुण्याला जाऊन काय केलं! ‘खामोश’ ठेवला. पहिल्या दिवसांत खामोश होता, आता सगळ्यांहून जास्त सवाल करता: रोजहाए अव्वल खामोश बूदेद, हाला अज हमा बेशतर सुवाल मेकुनेद. यातले रोज, अव्वल, खामोश, सवाल मराठी वाचकाला सांगायला नकोत. फक्त ‘रोज’ म्हणजे तिकडे नुसता दिवस, दररोज नव्हे.

‘मला तुझा अभिमान वाटतो’ इथं शब्दकोश उघडला. इंग्रजी-फारसी कोशात त्या शब्दापुढे पहिला प्रतिशब्द होता ‘मगरूर’. मराठी माणसाला इथं थांबायला कोणी सांगावं लागत नाही. आपला मगरूर जसा, तसाच त्यांचा. तो वापरला असता तर अर्थ झाला असता की तुमच्यामुळे मला गर्व चढलाय. बरोबर रचना आहे ‘ब शुमा इफ्तिखार मेकुनम’. इफ्तिखार करणं म्हणजे अभिमान बाळगणं, आणि ज्याचा अभिमान त्याच्या आधी ‘ब’. साधी फारसी अशीच चालते: एक नाम घ्यायचं आणि त्याला ‘करणं’ किंवा ‘होणं’ लावायचं. माफ करणं, तयार होणं, कबूल करणं ही आपली रीत तीच. आठ-दहा क्रियापदं आली की पत्र लिहिता येतं, आणि कमी शिकलेल्या वाचकालाही ते अडत नाही. भारदस्त एकशब्दी क्रियापदं कवींसाठी सोडावीत.

‘तू फार पुढे जाशील’ हे वाक्य मी फेकून दिलं. शब्दशः फारसीत ते ‘तुम्ही फार लांब जाल’ असं होतं, आणि जिची मुलगी खरोखरच फार लांब चालली आहे त्या आईला मास्तरानं हे लिहून पाठवायचं? त्याऐवजी सरळ ‘मुवफ्फक बाशेद’, यशस्वी व्हा. अफगाण शिक्षक परीक्षेच्या दिवशी म्हणतात तेच.

‘शिकत राहा’ यात एक गंमत सापडली. शिकणं म्हणजे ‘याद गिरफ्तन’, आठवण धरणं. शिकवणं म्हणजे ‘याद दादन’, आठवण देणं. तीस वर्षं मी स्वतःला इंग्रजीचा शिक्षक समजत होतो; फारसीच्या हिशेबानं मी आठवणी वाटत होतो. हर जा बाशेद, याद गिरफ्तन रा रहा नकुनेद: कुठंही असा, शिकणं सोडू नका. ‘रहा’ म्हणजे मोकळं, आपल्या रिहाईतला. दाराचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं उतरलं. फक्त दार तुम्हाला नाही, ‘तुमच्या चेहऱ्यासमोर’ उघडं असतं: दरे खानए मा हमेशा ब रूए शुमा बाज अस्त. रू म्हणजे चेहरा, आपला रूबरू.

आता ते ‘मिस’. कोशानं दिलेला प्रतिशब्द गाडी किंवा संधी चुकण्याचा होता, ‘हातातून घालवणं’. तो माणसाला लावला की अर्थ होतो, मी तुम्हाला गमावणार. हेरातसारख्या ठिकाणी घरात उघडलेल्या पत्रात हे वाक्य कसं वाचलं जाईल याची कल्पना करवत नाही. खरी फारसी म्हणते, ‘दिलम बरायतान तंग मेशवद’, तुमच्यासाठी माझं मन तंग होतं, आक्रसतं. बोलताना अफगाण ‘दिक’ होणं असंही म्हणतात. तेही पाहून ठेवलं, पण पत्रात लेखी भाषा घेतली. कारण बोलण्यात काबूल, हेरात आणि तेहरान लांब लांब असतात, वर्गाला अफगाण ‘सिन्फ’ म्हणतो आणि इराणी ‘केलास’. लेखी रूप मात्र सगळे ओळखतात. उच्चाराचं म्हणाल तर अफगाण फारसी आपल्या कानाला जवळची आहे. तिकडे वाघसिंहातला शेर आणि दुधाचं शीर वेगळे राहिलेत, आपल्या शीरखुर्म्यातल्यासारखे. इराणी माणूस दोघांनाही ‘शीर’च म्हणतो. या पुस्तिकेत देवनागरी उच्चार मी अफगाण धर्तीनं दिलेत ते म्हणूनच.

आमच्या आजीनं असल्या वेळी काय म्हटलं असतं? “तुयाबिगर करमत नाही बाप्पा.” त्यातलं ‘बिगर’ फारसीचंच. पण ‘करमत नाही’ला तोड नाही, आणि ते कोणत्याच भाषेत नेता येत नाही.

मसुदा तयार झाला. छापायचा कुठे? पहिल्या दुकानात संगणकावर फारसी मजकूर चिकटवला तर अक्षरं सुटी झाली आणि उलटी, डावीकडून उजवीकडे, ओळीत उभी राहिली. दुकानदाराला ते नक्षीसारखं वाटलं. ही चूक लिपी न येणाऱ्यालाही ओळखता येते. ‘सलाम’ हा शब्द छापून बघायचा. सुरुवातीचा सीन उजव्या टोकाला असून लामला जोडलेला हवा आणि लाम अलिफला. चार अक्षरं चार खांबांसारखी वेगवेगळी दिसली की पैसे देऊ नयेत.

जिल्ह्यात उर्दू लग्नपत्रिका छापणारे आहेतच. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर कुठंही विचारा. अशाच एका वयस्क कंपोजरकडे गेलो. इनपेज उघडून त्यांनी भराभर टाईप केलं, सुंदर नस्तालीक वळणात, आणि शेवटच्या ओळीशी थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाले, “सर, बच्ची से इतने तंग आ गए?”

मी हसलो, मग हसू आटलं. उर्दूत, आणि मराठीतही, तंग करणं म्हणजे छळणं. त्यांना ते वाक्य ‘तुमच्यामुळे माझं मन वैतागतं’ असं दिसत होतं. गंमत म्हणजे ते दुसरं ‘दिक’ घेतलं असतं तरी सुटका नव्हती. हिंदी-उर्दूत दिक करणंही छळणंच. फारसीत विरहाचे जे दोन शब्द, ते दोन्ही आपल्याकडे येईपर्यंत कटकटीचे झाले. वाक्य बदलावं का, या विचारात मी दोन दिवस घालवले. बदललं नाही. पत्र हेरातला जायचं होतं, कारंज्याला नाही. पण त्या प्रश्नानं मला एक गोष्ट कळली, की उर्दू येणाऱ्या माणसाकडून फारसी तपासून घेता येत नाही. तो प्रामाणिकपणे वाचतो आणि प्रामाणिकपणे चुकतो, अगदी माझ्यासारखाच.

कंपोजर उर्दूच्या सवयीनं आणखी एक करत होते. ‘बराय’ हा शब्द, म्हणजे ‘साठी’, उर्दूत शेवटी मोठी ये घालून लिहितात, हमजाही देतात. फारसीत साधी छोटी ये. ‘बरायतान’ त्यांनी दोन तुकड्यांत, मध्ये मोठी ये घालून टाईप केलं होतं. आईनं ते वाचलं असतं, पण अडखळत, आणि मोठी ये बघून तिला वाटलं असतं की हे कुणा परक्यानं लिहिलंय. खरं तर तसंच होतं, पण ते पहिल्याच नजरेत दिसायला नको. टाईप केलेल्या फारसीच्या पानावर मोठी ये दिसली की ते उर्दू हातानं झालेलं आहे, एवढी खूण वाचकानं लक्षात ठेवावी.

मग खरी तपासणी केली. पुण्यात अजून असलेल्या एका हेराती विद्यार्थ्याला नुसतं फारसी पत्र पाठवलं. इंग्रजी दाखवलं नाही. त्याला म्हटलं, यात काय लिहिलंय ते मला तुझ्या शब्दांत इंग्रजीत सांग. त्यानं सांगितलेलं माझ्या मूळ पत्राशी ताडून पाहिलं. पाच वाक्यं जुळली. दाराच्या वाक्यापाशी त्यानं विचारलं, “सर, हे तुम्ही मनापासून लिहिलंय की तारुफ आहे?” तारुफ म्हणजे रीत म्हणून केलेला आग्रह, जो समोरच्यानं नाकारायचाच असतो. मी म्हटलं, मनापासून. तो म्हणाला, मग पत्ता लिहा खाली. लिहिला. पत्ता दिला की आमंत्रण खरं ठरतं, हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

पुस्तकांचं सांगायचं तर माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश माझ्या टेबलावर कायम होता. ते फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवत, आणि हा कोश भारत इतिहास संशोधक मंडळानं 1925 साली काढला. मराठीतला कोणता शब्द कुठून आला हे बघायला त्याच्याइतकं दुसरं साधन मला माहीत नाही. पण तो जुने कागद वाचणाऱ्यांसाठी आहे. त्याच्या भरवशावर आजचं शुभेच्छापत्र लिहिलं तर ते पेशव्यांच्या वकिलानं पाठवल्यासारखं होईल.

तारखेचं राहिलं. पत्रावर 15 जून 2022 होतं. अफगाण वर्ष वसंतसंपाताला सुरू होतं आणि महिन्यांची नावं राशींची असतात: हमल म्हणजे मेष, सौर म्हणजे वृषभ, जौजा म्हणजे मिथुन. त्या दिवशी तिकडे 25 जौजा 1401 होती. इराणात वर्ष तेच, महिन्याला मात्र ‘खोर्दाद’ म्हणतात. आपल्या पंचांगात सूर्य मिथुनेत जायच्या सुमाराचाच हा दिवस, त्यामुळे आमच्या घरी ही तारीख कोणालाच परकी वाटली नाही.

शेवटी पत्र असं गेलं:

शागिर्दे अजीजम, रोजहाए अव्वल खामोश बूदेद, हाला अज हमा बेशतर सुवाल मेकुनेद. ब शुमा इफ्तिखार मेकुनम. मुवफ्फक बाशेद. हर जा बाशेद, याद गिरफ्तन रा रहा नकुनेद. दरे खानए मा हमेशा ब रूए शुमा बाज अस्त. दिलम बरायतान तंग मेशवद.

वेळ लागला तो लिपीला आणि त्या एका ‘तंग’ला. पत्राचा फोटो हेरातला पोचला. आठवड्यानं मुलीनं आईचा निरोप कळवला, दोनच शब्दांचा: “मांदा नबाशेद.” थकलेले नसा. अफगाण घरात काम करून आलेल्या माणसाला असंच म्हणतात.

पुढच्या पानांवरची अकरा पत्रं याच रीतीनं केली आहेत: मुलगा, मुलगी, लहान शाळकरी पोर, नोकरीवर निघालेला, घरी परतणारा. प्रत्येकाखाली देवनागरी उच्चार आणि मराठी अर्थ आहे, आणि जिथं मराठी शब्द फसवतो तिथं समासात खूण केली आहे. इराणी विद्यार्थ्यासाठी वापरायचं असेल तर पत्र तसंच ठेवावं, वाचून दाखवताना मात्र उच्चार इराणी करावेत, जसं ‘मे’चा ‘मी’ आणि ‘बाशेद’चं ‘बाशीद’. ज्यांची मातृभाषा फारसी आहे अशा कुणाला यात चूक दिसली तर पेन्सिलीनं तिथंच दुरुस्त करून ती प्रत मला पाठवा. पत्ता मलपृष्ठावर छापला आहे, आणि तो तारुफ नाही.

कारंजा (लाड), जिल्हा वाशीम